काठ वाढतो, क्षेत्रफळ थांबते

स्वीडनचे गणितज्ञ हेल्गे फॉन कॉख यांनी १९०४ साली मांडलेल्या वक्रातून हिमकणाची ही आकृती बनते. ९ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढा. प्रत्येक बाजूचे तीन समान भाग करा, मधला पुसा आणि तिथे बाहेरच्या अंगाला समभुज त्रिकोणाचे टोक काढा. मग प्रत्येक नव्या बाजूवर हेच करत राहा.

तीन भागांच्या जागी तेवढ्याच लांबीचे चार आले, म्हणजे परिमिती दर वेळी ४/३ पट होते: २७, ३६, ४८, ६४ सेंटिमीटर. विसाव्या पायरीला ती सुमारे ८५ मीटर भरते! ही वाढ कुठेच थांबत नाही.

क्षेत्रफळाचे मात्र वेगळे आहे. नवे त्रिकोण संख्येने चौपट होतात, पण प्रत्येकाचे क्षेत्रफळ आधीच्या नवव्या हिश्शावर येते. त्यामुळे दर पायरीची भर आधीच्या भरीच्या ४/९ च असते. पहिली भर मूळ त्रिकोणाच्या १/३, दुसरी ४/२७. अशा सगळ्या भरींची बेरीज ३/५ च्या पुढे जात नाही, म्हणून एकूण क्षेत्रफळ मूळच्या ८/५ पटीपाशी अडते. पडताळा सोपा आहे: मूळ त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारे वर्तुळ काढा. कितीही पायऱ्या केल्या तरी आकृती त्याबाहेर पडत नाही.