साठेखतातील मुदत आणि उशिराचा भरणा

अंथुर्णे व आसपासच्या गावांतून जमिनीचे व्यवहार बहुधा दोन पायऱ्यांनी होतात. प्रथम विसार देऊन साठेखत होते आणि काही महिन्यांनी उरलेली रक्कम देऊन खरेदीखत नोंदविले जाते. या दोहोंमधील काळात रक्कम वेळेवर न आल्यास 'व्यवहार मोडला' असे देणारा म्हणतो व 'मोडला नाही' असे घेणारा म्हणतो. मुदत टळली एवढ्यावरून साठेखत आपोआप रद्द होते, अशी समजूत पुष्कळांची आहे. साध्या साठेखतापुरती ती चुकीची आहे. परंतु ती केव्हा खरी ठरते हेही नीट समजून घेतले पाहिजे.

1872 च्या करार कायद्याच्या 55 व्या कलमात याचा मूळ नियम आहे. ठरलेल्या वेळी काम झालेच पाहिजे, असा उभय पक्षांचा हेतू असेल, म्हणजे मुदत हे कराराचे मर्म असेल, तर वेळ चुकताच दुसऱ्या पक्षास करार रद्द करण्याचा अधिकार येतो. तसा हेतू नसेल, तर करार कायम राहतो आणि उशिरामुळे जे नुकसान झाले तेवढेच मागता येते. हेतू कोणता होता हे ओळखणे हेच खरे कठीण काम. जमिनीच्या विक्रीत मुदत हे सामान्यतः मर्म नसते, असे न्यायालये फार पूर्वीपासून धरीत आली आहेत. जमशेट खोदाराम इराणी यांच्या, मुंबई हायकोर्टाकडून गेलेल्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलाने 1915 साली हेच सांगितले. तारीख लिहिलेली असली, तरी तेवढ्याने ती मर्म होत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील शेतजमिनीच्या एका दाव्यात हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1985 सालचे साठेखत, वीस हजारांचा विसार आणि खरेदीखतास सहा महिन्यांची मुदत. हायकोर्टाने मुदत मर्म मानून घेणाऱ्यास केवळ विसार परत देवविला. सुप्रीम कोर्टाने 2008 साली तो निकाल फिरवून, खरेदीखत करून देण्याचा खालच्या कोर्टाचा हुकूम कायम केला. मुदत लिहिली आहे आणि ती चुकल्यास काय व्हावे तेही लिहिले आहे, एवढ्याने मुदत मर्म होत नाही, हे त्यातून दिसते.

मग मर्म कशाने होते? 2011 साली सुप्रीम कोर्टाने चेन्नईजवळील शेतजमिनीच्या प्रकरणात निराळा निकाल दिला. त्या करारात 1981 सालच्या ठराविक तारखांना तीन हप्ते द्यावयाचे होते. हप्ते ठरल्याप्रमाणे देणे हे कराराचे मर्म आहे आणि चुकल्यास करार रद्द होईल, असे स्पष्ट लिहिलेले होते. खरेदीखताची तारीख मात्र कागदपत्रांची खात्री होण्यावर ठेवलेली होती. कोर्टाने दोन मुदती वेगळ्या काढल्या : खरेदीखताची मुदत मर्म नव्हती, पैशाची होती. घेणाऱ्याने हप्ता चुकविला आणि दावा हरला. जमिनीचे भाव पूर्वी संथ होते, आता झपाट्याने वाढतात, तेव्हा 'मुदत मर्म नाही' हे जुने गृहीत पुन्हा तपासावे लागेल, असेही कोर्टाने त्यात म्हटले. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाव वाढत असता मुदत लांबविण्याचा सारा लाभ घेणाऱ्याकडे जातो, हे नाकारता येत नाही.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नीरा डाव्या कालव्याखालील दोन एकर बागायत चाळीस लाखांस ठरली. 1 नोव्हेंबरला पाच लाख विसार देऊन साठेखत झाले. उरलेले पस्तीस लाख 31 मार्चपर्यंत देऊन खरेदीखत करावयाचे. सात-बाराच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे, तो देणाऱ्याने खरेदीपूर्वी उतरवावयाचा. मुदत हे मर्म आहे असा शब्द कोठेही नाही. घेणाऱ्याचा भरवसा उसाच्या बिलावर होता, बिल लांबले आणि पैसे मेच्या दहा तारखेस हाती आले. मध्यंतरी दुसऱ्या गिऱ्हाइकाने पन्नास लाख देऊ केले व देणाऱ्याने 'मुदत संपली' असा निरोप धाडला.

बोजा 31 मार्चपर्यंत उतरलाच नसेल, तर देणाऱ्याची बाजू लंगडी आहे. आधी करावयाचे काम त्याचेच होते. ते झाल्याशिवाय घेणाऱ्याकडून रकमेचा आग्रह धरता येत नाही. पण समजा, त्याने 15 मार्चला बोजा उतरवून फेरफार नोंदवून घेतला, 5 एप्रिलला लेखी नोटीस देऊन 'रक्कम 30 एप्रिलपर्यंत द्यावी, न दिल्यास करार रद्द समजला जाईल' असे कळविले आणि तरी पैसे आले नाहीत. येथे चित्र पालटते. मुदत आरंभी मर्म नसली, तरी घेणाऱ्याने चुकविल्यावर वाजवी अवधी देऊन नोटिशीने ती मर्म करता येते. वाजवी म्हणजे किती, हे प्रकरणावर अवलंबून. तीन दिवसांची नोटीस टिकण्याची आशा धरू नये. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने धाडावी. चावडीवर चार लोकांदेखत सांगितलेले पुढे कोर्टात सिद्ध करणे फार जड जाते, हे महसूल कचेरीत बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

तिसरा प्रकार गावात सर्वांत अधिक घडतो. मुदत टळल्यावर 20 एप्रिलला घेणारा तीन लाख आणून देतो व देणारा मुकाट्याने ठेवून घेतो. मग मुदत चुकली म्हणून करार रद्द झाला, असे म्हणण्यास त्याला तोंड राहत नाही, आणि 55 व्या कलमाप्रमाणे घेतेवेळी तशी सूचना दिली नसेल, तर उशिराची भरपाईही मागता येत नाही. रक्कम घ्यावयाचीच असेल, तर पावतीवर 'ही रक्कम मुदत टळल्यावर हक्क राखून घेतली' असे लिहून द्यावे व दोघांच्या सह्या घ्याव्यात.

घेणाऱ्यानेही मुदत मर्म नाही म्हणून स्वस्थ बसू नये. खरेदीखत करून घेण्याचा दावा करणाऱ्याने पैसे देण्याची तयारी व इच्छा आरंभापासून होती, हे शाबीत करावेच लागते. 2018 च्या दुरुस्तीनंतर असा हुकूम देणे पूर्वीइतके कोर्टाच्या मर्जीवर राहिले नाही, तथापि ही अट सुटलेली नाही. रोकड घरात पाहिजे असे नाही. पासबुक, कर्जमंजुरीचे पत्र किंवा 'मी रकमेसह दुय्यम निबंधकाकडे अमुक दिवशी हजर राहतो' असे वेळेवर धाडलेले पत्र कामास येते. वरच्या उदाहरणातील शेतकऱ्याकडे 31 मार्चला असे काहीही नसेल, तर बिल लांबल्याची सबब फार दूर जाणार नाही.

दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. पण तीन वर्षे आहेत म्हणून वाट पाहणे धोक्याचे. मदुरा येथील एका घराच्या साठेखतात सहा महिन्यांची मुदत होती व साठ हजारांपैकी पाच हजार दिले होते. घेणारा अडीच वर्षे निष्क्रिय राहिला आणि दरम्यान भाव चढले. सुप्रीम कोर्टाने 1997 साली, दावा कायद्याच्या मुदतीत असूनही, त्याला खरेदीखत देवविले नाही.