शेतीची वाटणी : सहमतीने खातेफोड की कोर्टात दावा? कोणत्या वाटेला कोणते कागद लागतात

वडील वारले, सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली आणि भाऊ आपापला तुकडा वेगवेगळा कसू लागले, की अनेक घरांत वाटणी झाली असे समजले जाते. कागदावर मात्र ती झालेली नसते. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे एकत्र असेपर्यंत प्रत्येकाचा हक्क संपूर्ण जमिनीत असतो. बांध कुठेही घातला असला तरी त्यात बदल होत नाही. पीककर्ज, विहिरीचे अनुदान, विक्री, नुकसानभरपाई, प्रत्येक वेळी बाकीच्यांची संमती आणा, असे उत्तर मिळते.

वाटणीच्या दोन वाटा आहेत. सगळ्या वारसांचे एकमत असेल तर तहसील किंवा दुय्यम निबंधक कार्यालय. एकाचाही विरोध असेल तर दिवाणी कोर्ट.

आधी वाटेकरी किती ते ठरवा

बहुतेक वाटण्या इथेच फसतात. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये दिला. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी या कायद्याने मोडत नाही.

समजा, मागे आई, दोन भाऊ आणि एक लग्न झालेली बहीण आहे आणि जमीन वडिलोपार्जित सहा एकर, म्हणजे 240 गुंठे आहे. इथे चौघांचा हिस्सा प्रत्येकी एक चतुर्थांश, म्हणजे 60 गुंठे येतो. बहिणीला वाटा नको असेल तर तिने तोंडी सांगून भागत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेला कागद त्यासाठी चालत नाही.

सहमतीची वाटणी : कलम 85

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सगळे सहधारक मिळून तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करू शकतात. सोबत साधारण हे कागद लागतात :

- सर्व गटांचे चालू सातबारा आणि 8 अ
- वारस फेरफाराची नक्कल आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र
- कोणाला कोणत्या बाजूचे किती क्षेत्र, हे दाखवणारा कच्चा नकाशा
- सर्वांच्या सह्यांचे संमतीपत्र आणि आधार कार्ड
- बोजा असेल तर बँक किंवा सोसायटीचे ना हरकत पत्र

तहसीलदार सगळ्यांना नोटीस काढतात आणि जबाब घेतात. कोणी हक्काबद्दलच वाद काढला, म्हणजे 'हा वारसच नाही' किंवा 'ही जमीन माझ्या एकट्याची आहे' असे म्हटले, तर तो वाद दिवाणी कोर्टात मिटेपर्यंत तहसीलदार वाटप करू शकत नाहीत. संमती असेल तर आदेश होतो, तलाठी फेरफार घेतात, हरकतीसाठी नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पोटहिस्सा मोजणी भूमी अभिलेख कार्यालय करते.

दुसरा सहमतीचा मार्ग म्हणजे दुय्यम निबंधकांकडे वाटणीपत्र नोंदवणे. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने 2025 मध्ये घेतला आहे. गावठाणातले घर किंवा प्लॉट कलम 85 मध्ये येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत वाटणीपत्रच करावे लागते आणि तिथला मुद्रांक वेगळा असतो. तहसीलदारांकडे अर्ज करतानाही वाटणीपत्र आधी नोंदवून आणायचे का, हे त्याच कार्यालयात विचारून घ्यावे. म्हणजे हेलपाटा वाचतो.

सहमतीचा खरा फायदा : सरस-निरस मेळ

वरच्याच कुटुंबाची जमीन दोन गटांत आहे असे धरू. एक गट 180 गुंठे बागायत, त्यात विहीर. दुसरा 60 गुंठे जिरायत. प्रत्येक गटाचे चार समान भाग करायचे म्हटले तर जिरायतीचे 15-15 गुंठे होतात. पण तुकडेबंदी कायद्याखाली 2023 मध्ये राज्यात बहुतेक ठिकाणी जिरायतीचे किमान क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचे 10 गुंठे ठरले आहे. त्यामुळे 15 गुंठ्यांचा जिरायत तुकडा पाडता येणार नाही.

सहमती असेल तर उपाय सोपा आहे. आई, थोरला भाऊ आणि बहीण यांनी बागायतीत प्रत्येकी 55 गुंठे घ्यावेत. धाकट्याने बागायतीचे उरलेले 15 गुंठे आणि जिरायतीचा सगळा 60 गुंठ्यांचा गट घ्यावा. त्याचे क्षेत्र 75 गुंठे होते, पण त्यातली बरीच जमीन हलकी असल्याने हिशेब जुळतो. एकही तुकडा बेकायदा होत नाही.

वाटणीपत्रात क्षेत्र लिहून थांबू नये. विहिरीच्या पाण्याची पाळी, वीज कनेक्शन कोणाच्या नावावर राहणार, पाइपलाइन कोणाच्या शेतातून जाणार आणि मागच्या वाट्याला बैलगाडी-ट्रॅक्टरचा रस्ता किती फुटांचा, हे सगळे लिहावे. वाटणीनंतरची भांडणे बहुतेक याच गोष्टींवरून होतात.

कोर्टातला दावा

कोणी सही करायला तयार नसेल, बहिणीचा हक्कच नाकारत असेल किंवा परस्पर जमीन विकायला निघाला असेल, तर वाटप व स्वतंत्र ताब्याचा दावा करावा लागतो. त्यासाठी वंशावळ, सगळ्या मिळकतींचे सातबारा, 8 अ, घराचा उतारा, जुने फेरफार आणि मृत्यू दाखले जोडतात. कोर्ट फी हिश्श्याच्या किमतीनुसार असते. विक्री रोखायची असेल तर दाव्यासोबतच मनाई हुकमाचा अर्ज करतात.

दोन चुका इथे महागात पडतात. एखादा वारस पक्षकार करायचा राहिला किंवा एखादी एकत्र मिळकत यादीतून सुटली, तर विरोधी पक्ष त्याच मुद्द्यावर दावा अडवतो. म्हणून यादी करताना शेत, घर, गोठा, जागा काहीही सोडू नये.

निकाल दोन टप्प्यांत येतो. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात प्रत्येकाचा हिस्सा ठरतो, पण जमीन हातात येत नाही. सारा आकारणीच्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. पुढे तहसील आणि भूमी अभिलेख मोजणी करून ताबा देतात. घराचे वाटप कोर्ट कमिशनर नेमून करते. प्राथमिक हुकूमनामा हातात आला म्हणजे काम झाले असे समजून लोक थांबतात आणि सातबारा वर्षानुवर्षे एकत्रच राहतो. पुढच्या कार्यवाहीसाठी वकिलामार्फत अर्ज करून पाठपुरावा करावा लागतो.

दावा चालू असतानाही तडजोड होते

दावा केला म्हणजे सहमतीची दारे बंद होत नाहीत. कोणत्याही टप्प्यावर सगळे मिळून तडजोड पत्र दाखल करू शकतात, त्यावर हुकूमनामा होतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून तिथे सही करण्याआधी गट नंबर, क्षेत्र, दिशा, रस्ता आणि विहिरीचा उल्लेख ओळीने वाचून घ्यावा. निवाडा झाल्यावर त्याची प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडे फेरफारासाठी द्यावी आणि नवा सातबारा काढून आपले नाव व क्षेत्र तपासावे.