सगळ्यांना एकच कागद

शाळेसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की शिक्षणसंस्थेचं कार्यालय सवयीने तीन कोटेशनं मागवतं. बाकं किंवा पंखे घ्यायचे असतील तर हे चालून जातं, कारण बाक म्हणजे काय हे घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सारखंच ठाऊक असतं. शाळा व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरला मात्र तसा ठरलेला आकार नाही. एक कंपनी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला भाव लावते, दुसरी एकरकमी किंमत सांगून पुढे वार्षिक देखभालीचे पैसे घेते, तिसरी फी, परीक्षा, वाहतूक अशा प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा दर देते. तिन्ही कागद कार्यकारिणीच्या टेबलावर येतात आणि शेवटच्या ओळीतला आकडा बघून निर्णय होतो. तुलना झाली असं सगळ्यांना वाटतं, पण तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचे भाव दिलेले असतात.

आरएफपी म्हणजे पुरवठादारांकडून प्रस्ताव मागवणारा दस्तऐवज. काय हवं आहे, किती हवं आहे, भाव कोणत्या साच्यात द्यायचा आणि आम्ही निवड कशी करणार, हे त्यात सगळ्यांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगितलेलं असतं. सरकारी खात्यांना निविदेचे नियम असतात. खासगी संस्थेवर तेवढं बंधन नसतं, म्हणून हा कागद बहुतेक ठिकाणी एक तर लिहिलाच जात नाही किंवा कुठल्या तरी कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवला जातो.

उतरवलेला कागद ओळखणं सोपं आहे. ‘चेहरा ओळखून हजेरी’, ‘किमान १०० शाळांचा अनुभव’, ‘वार्षिक उलाढाल १० कोटी’ अशा अटी एकापाठोपाठ दिसू लागल्या, की त्या शाळेच्या गरजेतून आलेल्या नसतात. त्या आधी भेटून गेलेल्या कुणाच्या तरी अंगाच्या मापाने बेतलेल्या असतात. प्रत्येक सक्तीच्या अटीपुढे एकच प्रश्न लिहावा: ही अट किमान तीन कंपन्या पूर्ण करू शकतील का, आणि ती काढली तर शाळेचं कोणतं काम अडेल? कोणतंच काम अडत नसेल तर अट काढून टाकावी. सक्तीच्या अटी मूठभरच राहतात आणि तेच बरं.

मग लिहायचं काय? कामं लिहायची. ‘फी मॉड्यूल असावे’ या वाक्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी असं लिहावं: ‘ऑगस्टमध्ये सातवीत प्रवेश घेतलेली मुलगी. तिचा भाऊ याच शाळेत असल्याने तिला सवलत आहे. फी तीन हप्त्यांत आहे आणि दुसऱ्या हप्त्याचा चेक परत आला. लिपिकाला ती पावती रद्द करून बाकी दाखवता आली पाहिजे, आणि रद्द केल्याची नोंद कायम राहिली पाहिजे.’ आता ‘हो’ म्हणणाऱ्याला ते करून दाखवावं लागतं. सरल आणि यूडायस प्लस या सरकारी पोर्टलांबाबतही हेच. ‘सरलशी जोडलेलं’ म्हणजे नेमकं काय, हे विचाराल त्या पुरवठादारागणिक बदलतं. त्यापेक्षा कोणती माहिती, कोणत्या रकान्यांच्या क्रमाने, एक्सेलमध्ये निघाली पाहिजे, ते नमुन्यासह जोडावं.

आता आकड्यांकडे येऊ. असमानता खरी तिथे लपते. उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातली एक संस्था धरू. तिच्या पाच शाळा आहेत आणि आज ३,६०० विद्यार्थी. जनरल रजिस्टरमधल्या जुन्या नोंदी सुमारे ४०,००० आहेत आणि त्याही संगणकावर घ्यायच्या आहेत. या नोंदींना कमी लेखू नये. जातपडताळणीसाठी आजोबांच्या दाखल्यावरची नोंद शोधत माणसं शाळेत येतात, तेव्हा लिपिक याच रजिस्टरची पानं उलटत असतो.

समजा, पहिल्या कंपनीने दर विद्यार्थी दर वर्षी १२० रुपये सांगितले. वर्षाचे ४,३२,००० झाले. दुसरीने एकरकमी ६,५०,००० मागितले. कार्यकारिणीला पहिली स्वस्त वाटेल. पण हे सॉफ्टवेअर पाच वर्षं वापरायचं आहे. पहिलीचे पाच वर्षांचे २१,६०,००० होतात, तर दुसरीचे १८ टक्के वार्षिक देखभाल दुसऱ्या वर्षापासून धरून ११,१८,०००. आता दुसरी निम्म्यात मिळते असं वाटू लागतं. मग बारीक अक्षरांत कळतं, की दुसरीच्या भावात सर्व्हरचं भाडं नाही, ते वर्षाला १,२०,००० आहे. चालू विद्यार्थ्यांची माहिती भरून देण्याचे दरडोई १५ रुपये वेगळे आणि जुन्या नोंदींचे प्रत्येकी १० रुपये. दुसरी पोहोचली २१,७२,००० वर. पहिली जुन्या नोंदींचे प्रत्येकी ६ रुपये लावते, तिचे झाले २४,००,०००.

दुसरी अजूनही स्वस्तच आहे, पण तेही पटसंख्या ३,६०० राहिली तर. मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत पट घसरतो आहे. पाच वर्षांची सरासरी ३,००० धरली, तर पहिलीचा हिशेब २०,४०,००० वर येतो आणि दुसरीचा जवळपास आहे तिथेच राहतो, कारण तिचा भाव पटावर अवलंबून नाही. क्रम उलटला. सॉफ्टवेअर तेच, कंपन्या त्याच, बदलला तो फक्त गृहीत धरलेला आकडा.

म्हणून तो आकडा संस्थेनेच आरएफपीत छापायचा असतो. प्रत्येक वर्षाचा अंदाजे पट, जुन्या नोंदींची संख्या, वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या, प्रशिक्षणाचे दिवस, पालकांना जाणारे एसएमएस, हे सगळं एका तक्त्यात भरून द्यावं. पुरवठादाराने फक्त दराचा रकाना भरायचा. जे त्याच्या भावात धरलेलं आहे तिथे शून्य लिहायचं, ओळ कोरी सोडायची नाही. जीएसटी वेगळ्या ओळीत. आणि एक वाक्य ठळक अक्षरांत: या तक्त्याबाहेरची रक्कम पाच वर्षांत मागता येणार नाही. माझ्या मते बाकी सगळा दस्तऐवज कच्चा राहिला तरी चालेल, हे एक पान पक्कं हवं.

एक स्पर्धक मात्र नेहमी इतरांच्या पुढे उभा असतो. तो म्हणजे ज्याचं सॉफ्टवेअर शाळेत सध्या चालू आहे तो. माहिती कुठल्या अवस्थेत आहे हे त्यालाच ठाऊक असतं. नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली आहेत का? तसं असेल तर तो फॉन्ट काढल्यावर ‘गोऱ्हे’ आणि ‘कऱ्हाडे’ यांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते आणि रूपांतर वाढतं. एका मुलाच्या दोन नोंदी आहेत का, जन्मतारखा एकाच पद्धतीने लिहिल्या आहेत का? बाहेरच्याला हे माहीत नसतं, म्हणून तो जोखीम धरून भाव चढवतो. यावर एकच उपाय आहे: नवं कुणी येण्याआधी संस्थेने स्वतः माहिती तपासावी, तिचे दोष आरएफपीत लिहावेत आणि नावं बदललेला पन्नासेक नोंदींचा नमुना सगळ्यांना द्यावा. नमुन्यात खऱ्या मुलांची नावं, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल जाता कामा नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि माहिती कंपनीकडून हाताळून घेतली तरी जबाबदारी संस्थेचीच राहते.

कागद बाहेर गेला की फोन सुरू होतात. कुणी मुख्याध्यापकांना गाठतं, कुणी विश्वस्तांच्या ओळखीने येतं. एकाला तोंडी सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला कळत नाही आणि तिथेच समान अटी संपतात. त्यामुळे शंका फक्त लेखी, एकाच ई-मेलवर आणि ठरलेल्या तारखेपर्यंत घ्याव्यात. उत्तरं सगळ्यांना एकत्र पाठवावीत, विचारणाऱ्याचं नाव वगळून. उत्तर देताना एखादी अट बदलली, तर प्रस्तावाची मुदतही वाढवावी. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी एकच वाक्य पाठ करावं: ‘ई-मेल करा.’

प्रात्यक्षिकाचंही तसंच. विक्रेत्याच्या हातात माउस दिला, की तो त्याला हव्या त्याच पडद्यांवरून फिरवून आणतो. प्रत्येकाला तोच नमुना, तीच आठ-दहा कामं आणि तेवढाच वेळ द्यावा. संगणकावर कंपनीच्या माणसाऐवजी शाळेचा लिपिक बसवावा. कंपनीने फक्त तोंडी मार्गदर्शन करायचं. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत छापताना जन्मतारीख अक्षरांत बरोबर येते का, छापलेल्या दाखल्यात चूक सापडली तर दुरुस्ती कुणाच्या परवानगीने होते, हे त्या खुर्चीवरून लगेच कळतं.

गुण देण्याची रीत आरएफपीतच जाहीर हवी. समजा, गुणवत्तेला ७० आणि किमतीला ३० गुण ठेवले. सर्वांत कमी किमतीला पूर्ण ३० आणि इतरांना त्याच प्रमाणात कमी. पट ३,००० धरलेल्या वरच्या उदाहरणात पहिल्या कंपनीला ३० मिळतील आणि दुसरीला २०,४०,००० भागिले २१,७२,००० गुणिले ३०, म्हणजे साधारण २८.२. गुणवत्तेत पहिलीला ५२ आणि दुसरीला ५६ मिळाले असतील, तर बेरीज ८२ आणि ८४.२ होते. सव्वा लाखाहून थोडी महाग असूनही दुसरी निवडली जाते, आणि ते का, हे कागदावर दाखवता येतं. पण क्रम पाळावा लागतो. प्रस्ताव दोन लिफाफ्यांत घ्यायचे. समितीतल्या प्रत्येकाने गुणवत्तेचे गुण स्वतंत्रपणे लिहून सही करायची आणि त्यानंतरच किमतीचा लिफाफा फोडायचा. आधी किंमत दिसली की गुण त्या बाजूला झुकतात, मग माणसं कितीही सचोटीची असोत.

करार संपल्यावर काय, हेही याच टप्प्यावर विचारून घ्यावं. निवड होईपर्यंत सगळे नम्र असतात, नंतर अट घालायला गेलं तर भाव लागतो. सगळी माहिती, छायाचित्रं आणि स्कॅन केलेली रजिस्टरं वाचता येतील अशा फाइलींत, किती दिवसांत आणि कोणत्या दरात परत मिळतील, याची ओळ दरपत्रकातच असावी. तिथे शून्य लिहिणारी कंपनी आणि आकडा लिहिणारी कंपनी दोन्ही चालतील. रकाना कोरा ठेवणारीकडून मात्र लेखी उत्तर येईपर्यंत तिचा लिफाफा पुढे नेऊ नये.

वेळापत्रक उलटं मोजावं. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि प्रवेशाची गर्दी त्याआधीच असते, म्हणून माहिती मार्चपर्यंत भरून तपासलेली हवी. प्रस्तावासाठी तीन-चार आठवडे, शंकांना आणि प्रात्यक्षिकांना मिळून तेवढेच, आणि करारानंतर एका शाळेत चाचणीसाठी किमान एक महिना. हे बसवायचं तर आरएफपी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच निघायला हवी. फेब्रुवारीत घाईने काढलेल्या आरएफपीला वेळेत उत्तर देऊ शकतो तो बहुधा एकच: ज्याच्याकडे शाळेची माहिती आधीपासून आहे.