आकडा हिरवा, पण भाव उतरतोय

सोन्याच्या भावाचं ॲप उघडलं की नजर आधी रंगावर जाते. हिरवा म्हणजे भाव चढतोय आणि लाल म्हणजे उतरतोय, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो रंग एवढंच सांगतो, की आत्ताचा भाव आदल्या सत्राच्या बंद भावापेक्षा वर आहे की खाली.

हिशेबाच्या सोयीसाठी काही आकडे घेऊ. एमसीएक्सवर सोन्याचा भाव १० ग्रॅमला दाखवतात. ॲपवर Prev. Close, म्हणजे मागील बंद भाव, १,२०,००० रुपये आहे. सकाळी बाजार उघडला तो १,२१,५०० वर. दिवसभरातला नीचांक १,२०,४०० आणि उच्चांक १,२१,८००. आत्ताचा भाव १,२०,६००. शेजारी हिरव्या अक्षरांत +६०० (+०.५०%) झळकतंय.

हे ६०० आले कुठून? १,२०,६०० मधून मागील बंद भाव वजा करून. सकाळच्या भावाचा इथे संबंधच नाही. त्या भावाशी ताडून पाहिलं तर सोनं ९०० रुपयांनी उतरलंय! दिवसाच्या पट्ट्यातही तेच दिसतं: नीचांक आणि उच्चांक यांत १,४०० रुपयांचं अंतर आहे आणि आत्ताचा भाव तळापासून जेमतेम २०० वर. रंग हिरवा असला, तरी सकाळची तेजी बरीचशी ओसरली आहे. म्हणून रंगाआधी पट्टा बघावा, असं माझं मत. मात्र पट्टा घडून गेलेलं सांगतो. भाव नीचांकाजवळ आहे म्हणजे आता वरच जाईल, असं मुळीच नाही.

टक्केवारी काढताना ६०० ला मागील बंद भावाने भागतात, आत्ताच्या भावाने नाही. रुपयांतला बदल वजनाप्रमाणे बदलतो: १० ग्रॅमला ६००, तर एका ग्रॅमला ६०. टक्के दोन्हीकडे अर्धाच. एका ॲपवर ६० आणि दुसऱ्यावर ६०० दिसले, तर गोंधळण्याआधी भाव किती ग्रॅमचा आहे ते पाहा.

मागील बंद भाव म्हणजे काल संध्याकाळी आपण पाहिलेला भावही नव्हे. एमसीएक्सवर सोन्याचे व्यवहार रात्री साडेअकरापर्यंत, अमेरिकेतल्या हिवाळ्यात त्याहून थोडा वेळ जास्त चालतात. त्यामुळे आपण झोपल्यावर झालेली हालचालही त्यात आलेली असते. सोमवारी सकाळी तुलना होते ती सहसा शुक्रवार रात्रीच्या भावाशी.

आणि सराफाकडे जाताना हा आकडा जसाच्या तसा धरू नका. एमसीएक्सचा भाव वायद्याचा, जवळपास शुद्ध सोन्याचा असतो. दागिना बहुधा २२ कॅरेटचा, त्यावर मजुरी आणि ३ टक्के जीएसटी. पेढीवर आजचा २२ कॅरेटचा दर वेगळा विचारावाच लागतो.