तिकीट सव्वा रुपया, कमी वीस पैसे

खाऊचे पैसे साठवून पहिल्यांदा थिएटरात सिनेमा बघायला निघालेला शाळकरी मुलगा. लघुकथेसाठी हा विषय सोपा वाटतो, म्हणूनच तो हातातून निसटतो. लेखक घाईने मुलाला थिएटरात नेतो आणि काळोख, पडदा, मुलाचे विस्फारलेले डोळे यांवर पाने खर्च करतो. खरी कथा मात्र त्याआधीच घडून गेलेली असते. एकेक नाणे कुठून आले आणि ते कुणाचे होते, यात ती असते.

पैशांचा हिशेब कथेत किती काम करतो, हे प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मध्ये दिसते. जत्रेला निघालेल्या महमूदकडे बारा पैसे आहेत, मोहसिनकडे पंधरा आणि हामिदकडे फक्त तीन. हे आकडे प्रेमचंद सुरुवातीलाच सांगून टाकतात. त्यामुळे पुढे प्रत्येक दुकानापाशी वाचक आपोआप हामिदच्या वतीने वजाबाकी करू लागतो. आजीसाठी चिमटा घ्यायचा तर दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो. हामिद धीर करून तीन पैशांना मागतो. त्याच्याकडे किती आहेत हे ठाऊक असल्यामुळेच त्या घासाघिशीत वाचकाचा जीव अडकतो. हामिद गरीब आहे, असे वेगळे सांगावे लागत नाही.

सिनेमाच्या गोष्टीतही तिकिटाचा दर पहिल्या पानावर यायला हवा. समजा, कथा सत्तरच्या दशकातल्या एखाद्या तालुक्याच्या गावची आहे. एकच थिएटर आणि पडद्याजवळच्या थर्ड क्लासचे तिकीट सव्वा रुपया. सातवीतल्या मुलाला आठवड्याच्या बाजारादिवशी दहा पैसे खाऊला मिळतात. नुसत्या खाऊवर तिकीट काढायचे तर तेरा बाजार थांबायला हवे, म्हणजे तीन महिने. इथेच कथेला पहिला पेच मिळतो. गावातला सिनेमा शुक्रवारी बदलतो आणि एखादाच चांगला चाललेला खेळ दुसऱ्या आठवड्यात जातो. टांग्यावरच्या कर्ण्यातून सिनेमाचे नाव ऐकल्यावर साठवायला सुरुवात करून काही उपयोग नाही. मुलाने कुठल्या सिनेमासाठी नव्हे, तर तिकिटासाठीच पैसे जमवायला हवेत. पैसे पुरे होतील त्या आठवड्यात जो सिनेमा लागलेला असेल, तो त्याचा पहिला सिनेमा.

आता नाणी कुठून येतात ते पाहू. पाच बाजारांचे पन्नास पैसे होतात. मामा परत निघताना हातावर चार आणे ठेवतो. पाहुण्यांनी दिलेले पैसे ‘ठेवायला’ म्हणून आई काढून घेते, पण या वेळी ती आत चहा टाकत असते. झाले पाऊण रुपया. गेल्या वर्षीच्या वह्या रद्दीत घालून तीस पैसे मिळतात. त्या वह्यांची कोरी पाने फाडून धाकट्या बहिणीला नवी वही शिवायची असते, हे त्याला ठाऊक आहे. एक रुपया पाच पैसे. वीस पैसे कमी.

या बेरजेत नाण्यागणिक मुलगा थोडा थोडा सरकत गेलेला दिसतो. खाऊचे पैसे निखळ त्याचे होते. मामाच्या चार आण्यांविषयी तो गप्प राहिला. वह्या त्याच्या असल्या तरी त्यांतली कोरी पाने बहिणीची होती. मग आई एक रुपया देऊन ऐंशी पैशांची चहापूड आणायला सांगते आणि उरलेले वीस पैसे त्याच्या मुठीत येतात. कथेचा मध्य तो हाच. लेखकाने इथे थांबावे, दुकानापासून घरापर्यंतचा रस्ता सावकाश चालू द्यावा.

घरच्या पैशांना हात घातल्यावर काय होते, याचे एक उत्तर ज्युसेप्पे तोर्नातोरे यांच्या ‘सिनेमा पॅराडिसो’ या १९८८च्या इटालियन चित्रपटात आहे. लहानगा तोतो दुधासाठी दिलेले पन्नास लिरा सिनेमावर उडवतो. थिएटरबाहेर आई त्याला मारते, तेव्हा प्रोजेक्टर चालवणारा अल्फ्रेडो मध्ये पडतो. मुलाला फुकट आत सोडले होते आणि त्याचे पैसे आत पडलेले सापडले, असा बनाव करून तो स्वतःचे पन्नास लिरा पुढे करतो. एका मोठ्या माणसाच्या खोटेपणामुळे मुलगा सुटतो आणि प्रेक्षकाला पुढच्या मैत्रीची चाहूल लागते. रक्कम नेमकी ठाऊक असल्यामुळे ही युक्ती एका क्षणात समजते.

दुसरे उत्तर बरेच कठोर आहे. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यांच्या १९७४च्या ‘मुसाफिर’मधल्या कासिमला सिनेमा नव्हे, तेहरानमधला फुटबॉलचा सामना बघायचा आहे. पण गोष्टीची जातकुळी हीच. तो आईचे पैसे चोरतो. बिनकामाचा कॅमेरा घेऊन शाळेतल्या मुलांचे ‘फोटो’ काढतो आणि पैसे गोळा करतो. मित्रांच्या संघाचे सामान विकतो. रात्रीच्या बसने तेहरानला पोचून रांगेत उभा राहतो, तर त्याची पाळी येते तेव्हा तिकिटे संपतात. मग जादा पैसे मोजून काळ्या बाजारात तिकीट घेतो. सामन्याला अजून अवकाश असतो. रात्रभराच्या प्रवासाने दमलेला पोरगा हिरवळीवर आडवा होतो आणि जागा होईपर्यंत स्टेडियम रिकामे झालेले असते.

हा शेवट ओढूनताणून आणलेला वाटत नाही, याचे कारण साधे आहे. कासिम झोपतो तो रात्रीच्या प्रवासामुळे, आणि तो प्रवास प्रेक्षकाने पाहिलेला असतो. आपल्या कथेतल्या मुलाला तिकीट मिळू द्यायचे नसेल, तर अडचणही अशीच आधी पेरलेली हवी. शुक्रवारी सिनेमा बदलतो हे वाचकाला माहीत असेल आणि घरून सुटका शनिवारी होणार असेल, तर चुकामूक पटते. रविवारी खिडकीवर गर्दी होते आणि दारापाशी एक माणूस सव्वाचे तिकीट दोन रुपयांना विकतो, हे आधीच येऊन गेले असेल, तर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लेखकाची सोय वाटत नाही.

मुलगा आत पोचलाच, तर काळाचे तपशील अचूक हवेत. त्या काळी मुख्य सिनेमाआधी गावातल्या दुकानांच्या जाहिरातींच्या काचा पडद्यावर दिसत. मग फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट किंवा माहितीपट लागत. १९४८मध्ये सुरू झालेल्या या सरकारी संस्थेच्या फिती दाखवणे थिएटरांना बंधनकारक होते. म्हणजे इतक्या खटपटीनंतर मुलाने पडद्यावर पाहिलेले पहिले हलते चित्र एखाद्या धरणाच्या उद्घाटनाचेही असू शकते. नायकाची एंट्री त्यानंतर. जाणते प्रेक्षक या वेळात बाहेर विडी ओढत असतील, पण हा मुलगा धरणाचे पाणीही पापणी न हलवता बघेल. ‘तो सिनेमात हरवून गेला’ हे वाक्य लिहायची मग गरज राहत नाही.

राहिला घरी परतण्याचा प्रसंग. ‘उरलेले पैसे कुठे?’ असे आईने विचारले, तर कथा वीस पैशांवर येऊन थांबते आणि मुलाने दिलेल्या उत्तरावर तिचा शेवट ठरतो. आईने काहीच विचारले नाही, तर लेखकाला दुसरे काही तयार ठेवावे लागते. उदाहरणार्थ, महिनाअखेरीला वाण्याचा हिशेब करताना तिला चहापुडीचा भाव कळणे. किंवा बहिणीने दप्तरात जुन्या वह्या शोधणे. दोन्हींची बीजे हिशेबातच पडलेली आहेत. लेखकाने त्यांतले एकच उचलावे, आणि ते उचलायचे आहे हे पहिले नाणे मोजतानाच ठरवून ठेवावे.