पोस्टर फिरतच राहतं, बॅच मात्र भरते

शाडूच्या गणपतीची कार्यशाळा घेणाऱ्या शिक्षिकेला तारीख मनासारखी निवडता येत नाही. २०२६ साली गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. शाडूची मूर्ती सावलीत हळूहळू वाळावी लागते. घाईने उन्हात ठेवली तर तडे जातात, आणि पावसाळी हवेत आठवडा सहज जातो. मग रंगकाम. म्हणजे रविवार, ३० ऑगस्ट हा सोयीचा दिवस आणि ६ सप्टेंबरचा रविवार शेवटचा. त्यानंतर ‘पुढच्या वेळी या’ म्हणणं म्हणजे पुढच्या वर्षी या म्हणणं.

समजा, कोथरूडमधल्या एक शिक्षिका अशी कार्यशाळा घेत आहेत. खोलीत सोळा पाट मावतात. माणशी अडीच किलो धरली तर चाळीस किलो माती आधी आणून ठेवायची. फी नऊशे रुपये. ऑगस्टच्या सुरुवातीला पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर जातं आणि उत्तरं येऊ लागतात: ‘इंटरेस्टेड’, ‘माझं नाव धरा’, ‘लहान मुलं चालतील का?’ अशा तीस उत्तरांतून नक्की येणारे किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून गूगल फॉर्म. पण फॉर्मचा खरा उपयोग नावं गोळा करण्यापेक्षा वेगळाच आहे. पोस्टर एकदा हातातून सुटलं की सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरत राहतं, बॅच भरल्यावरही. ते परत घेता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. त्यातली लिंक मात्र ज्या फॉर्मवर नेते, तो शिक्षिकेच्या ताब्यात असतो. म्हणून बदलू शकेल अशी माहिती, म्हणजे शिल्लक जागा, वेळ, काय आणायचं ते, पोस्टरवर छापण्याऐवजी फॉर्मच्या डोक्यावर लिहिलेली बरी. लिंक मजकूर म्हणूनही पाठवावी लागते, कारण चित्रातली लिंक दाबता येत नाही. आणि पुढे पाठवताना मजकूर गळून एकटं चित्र जाऊ शकतं, म्हणून चित्रावर क्यूआर कोडही हवा.

फॉर्ममध्ये चार प्रश्न पुरतात: नाव, व्हॉट्सअ‍ॅप नंबर, किती जण, मुलांचं वय. फाइल जोडायला सांगणारा प्रश्न टाळावा. तो असला की भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावंच लागतं, आणि तिथे पुष्कळ जण कंटाळून फॉर्म सोडून देतात. एक बदल मात्र हवाच. फॉर्म पाठवल्यावर एरवी ‘Your response has been recorded’ एवढंच दिसतं, आणि लोकांना वाटतं जागा पक्की झाली. त्याऐवजी लिहावं: ‘अर्ज मिळाला. जागा फी भरल्यावर पक्की होईल. आम्ही मेसेज करू.’

आता समजा आठवड्याभरात चोवीस अर्ज आले. जोडलेल्या शीटमध्ये प्रत्येकापुढे अर्जाची वेळ आपोआप पडते, त्यामुळे क्रमावरून वाद होत नाही. पहिल्या सोळांना फी भरायला ४८ तास दिले जातात. पैसे बऱ्याचदा नवऱ्याच्या किंवा मुलीच्या खात्यातून येतात आणि नाव जुळत नाही. म्हणून यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक मागून तो शीटमध्ये त्या नावापुढे लिहायचा. चौघांनी मुदतीत भरले नाहीत, तर सतरा ते वीस क्रमांकांना विचारायचं. उरलेले चौघे प्रतीक्षा यादीत. त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, नाहीतर परत करण्याचं काम वाढतं.

इथे फॉर्म बंद करण्याचा मोह होतो. पण बंद केला तर फिरत्या पोस्टरवरून आलेला माणूस हात हलवत परत जातो. त्यापेक्षा शीर्षक बदलावं: ‘३० ऑगस्टची बॅच भरली. प्रतीक्षा यादीसाठी नाव द्या.’

आठवण करून देणारे मेसेज दोन तऱ्हेचे असतात आणि ते मिसळले की घोळ होतो. ‘तीन जागा शिल्लक’ हा सर्वांसाठी, आणि तोही खरा असेल तेव्हाच. पैसे भरलेल्यांसाठी वेगळा: आठवडाभर आधी पत्ता आणि वेळ, दोन दिवस आधी सामान. त्यात ओली मूर्ती घरी नेण्यासाठी प्लायचा तुकडा आणि उंच खोका आवर्जून सांगावा. पिशवीतून नेलेल्या गणपतीची सोंड घरी पोचत नाही. हे मेसेज ब्रॉडकास्ट यादीने पाठवले तर एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. मात्र ज्यांनी शिक्षिकेचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही, म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये ‘हा नंबर सेव्ह करा’ लिहावं लागतं.

शुक्रवारी कुणी रद्द केलं तर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला मेसेज न करता फोन करायचा आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मागायचं. अजून दोन दिवस असतात, पण पुढच्यालाही विचारायला वेळ हवा. यादी आठ-दहांवर गेली, तर ६ सप्टेंबरची दुसरी बॅच घेण्याइतकी ती पुरेशी आहे. त्या बॅचला वाळायला आठच दिवस मिळतात, त्यामुळे मूर्ती लहान करायची आणि रंग जमला तरच, हे त्या फॉर्मच्या पहिल्याच ओळीत लिहायचं.