ताईच्या मेंदीचं एक पान

लग्नात नवरीचे हात बघून कुणीतरी विचारतं, "मेंदी कुणी काढली?" नाव सांगितलं जातं आणि विषय तिथेच थांबतो. विचारणारी घरी जाते, आठवड्याभराने नणंदेचं किंवा मैत्रिणीचं लग्न ठरतं, तेव्हा तिला ते नाव आठवतं आणि ती फोनवर शोधते. त्या क्षणी तिच्यासमोर काय उघडतं, यावर काम मिळणार की नाही ते ठरतं.

सिडनीतल्या ब्लॅकटाउनमध्ये मेंदी काढणाऱ्या आमच्या ताईच्या बाबतीत इन्स्टाग्राम उघडायचं. तिथे हातांचे सुंदर फोटो होते, पण मधेमधे मुलाचा वाढदिवस, गणपतीची आरास, समुद्रकिनारा. ज्यांचं इन्स्टाग्रामवर खातं नाही, त्यांना थोडं खाली गेलं की लॉगिन करायला सांगणारा पडदा यायचा. ताई कुठपर्यंत येते, साधारण किती घेते, तारीख कशी धरायची, यातलं काहीच तिथे नव्हतं. म्हणून जे निरोप यायचे ते "Hi", "Price?" एवढेच. ताईने उलट विचारायचं, तिकडून दुसऱ्या दिवशी अर्धं उत्तर यायचं, आणि तोवर त्या बाईने दुसरीकडे ठरवलेलं असायचं.

मी वेबसाइट बनवण्याचं काम करते. ताईचं एका पानाचं संकेतस्थळ करायचं ठरलं तेव्हा आम्ही फ्लशकोम रोडवरच्या मॅक्स वेबर लायब्ररीत बसलो आणि आधी तिच्या फोनमधले जुने निरोप वाचले. रंग, अक्षरं, मांडणी हे सगळं नंतर. अनोळखी माणसं आपणहून काय विचारतात, हाच पानाचा मजकूर असतो. तिच्याकडे विचारलं जायचं ते असं: अमुक तारखेला मोकळी आहेस का, आमच्याकडे येशील का की आम्ही यायचं, किती हातांचे किती, आणि मेंदीत रसायन तर नाही ना? यातल्या तारखेचं उत्तर पानावर देता येत नाही, ते ताईलाच द्यावं लागतं. बाकीची उत्तरं पानावर हवीत, आणि पानाच्या शेवटी तारीख विचारायची सोय हवी. आमचा सगळा आराखडा एवढाच होता.

सर्वांत वर एक ओळ आली: ब्लॅकटाउन आणि आसपास घरी येऊन मेंदी. "आसपास" म्हणजे काय, हेही लिहिलं: डूनसाइड, क्वेकर्स हिल, सेव्हन हिल्स, स्कोफिल्ड्स, मार्सडेन पार्क. उपनगरांची नावं पाहून माणूस क्षणात आपलं गाव शोधतो. घराचा पत्ता मात्र आम्ही दिला नाही. घरून काम करणाऱ्या बाईने उपनगर सांगावं आणि पत्ता तारीख पक्की झाल्यावर कळवावा. भाषेचाही विचार करावा लागला. ताईकडे पंजाबी, नेपाळी, फिजीच्या भारतीय घरांतल्या बायका येतात, त्यामुळे पान साध्या इंग्रजीत केलं आणि मराठी-हिंदी बोलते हे खाली लिहिलं.

मग फोटो. पोर्टफोलिओचा खरा कस इथे लागतो. ताईने निवडलेले जवळजवळ सगळे फोटो ओल्या मेंदीचे होते: कोनातून नुकतीच उतरलेली काळपट, उठावदार नक्षी. काढणारीला तो क्षण प्रिय असतो, कारण रेघेची सफाई तेव्हाच दिसते. पण ती मेंदी वाळून झडणार असते, आणि लग्नात दिसतो तो रंग. मेंदी झडल्यावर रंग आधी केशरी दिसतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होत तांबूस तपकिरी होतो. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे गडद, मनगटाच्या वर फिका. हे ज्यांना ठाऊक नसतं त्या ओल्या मेंदीचा काळा रंग बघून येतात आणि दुसऱ्या दिवशी केशरी हात बघून नाराज होतात.

"मग फिका फोटो लावू?" ताईने विचारलं.

"फिका नको. खरा लाव," मी म्हटलं.

म्हणून एकाच हाताचे दोन फोटो शेजारीशेजारी लावले, ओली मेंदी आणि दोन दिवसांनंतरचा रंग, आणि खाली लिहिलं: नवरीची मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढून घ्या. या जोडीसाठी ताईला जुन्या गिऱ्हाइकांकडे रंगाचे फोटो मागावे लागले, कारण दोन दिवसांनंतरचा हात मेंदी काढणारीला सहसा दिसतच नाही. त्याच निरोपात फोटो पानावर लावण्याची परवानगीही मागून घेतली. एकूण फोटो बाराच ठेवले, साध्या नक्षीपासून भरगच्च नवरीच्या हातापर्यंत चढत्या क्रमाने, आणि प्रत्येकाखाली लागणारा वेळ आणि कितीपासून सुरू होते तो भाव. नेमका आकडा लिहायला ताई कचरत होती. पण भाव लिहिला नाही तर परवडणारीही विचारत नाही आणि न परवडणारी मात्र विचारते. दोन्हीकडे नुकसान ताईचंच.

रसायनाच्या प्रश्नाला मी वेगळी जागा दिली. "काळी मेंदी" या नावाने जे विकलं जातं, त्यात पुष्कळदा केसांच्या रंगात वापरतात ते पीपीडी हे रसायन असतं. त्याने कातडीला फोड येऊ शकतात, आणि पुढे आयुष्यभर त्या रसायनाची अॅलर्जी राहू शकते. ताई पानांची पूड, साखर, लिंबाचा रस आणि निलगिरीचं तेल एवढंच वापरते. ते पानावर तसंच लिहिलं, आणि काळी मेंदी काढत नाही हेही. लहान मुलांच्या आयांना हे वाचायचं असतं.

फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे बारा लावले तर पान उघडायला वेळ लागतो आणि रेल्वेत बसून बघणारी बाई तोवर निघून जाते. फोटोची रुंदी १२०० पिक्सेलवर आणली की तो साधारण दीडदोनशे केबीत बसतो आणि फोनवर काही फरक दिसत नाही. शिवाय मूळ फोटोत तो कुठे काढला याची नोंद दडलेली असते. ताईच्या बैठकीत काढलेला फोटो तसाच चढवला असता तर घराचा ठिकाणा उघड झाला असता. आकार कमी करताना ती नोंदही काढून टाकली, आणि निघाली याची खात्री फोटोचा तपशील उघडून केली.

आता बटण. नवीन माणसाने पानावर येऊन करायची गोष्ट एकच असावी, असं माझं ठाम मत आहे. इन्स्टाग्राम बघा, फेसबुकवर या, ईमेल करा, फॉर्म भरा असं सगळं समोर ठेवलं की ती काहीच करत नाही. फॉर्मला तर माझा विरोधच आहे, कारण त्यातून येणारं ईमेल पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडतं. भरणारीला वाटतं कळवलं, ताईला वाटतं कुणी विचारलंच नाही. ताईची गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅपवर असतात, म्हणून बटण व्हॉट्सअॅपचं केलं. दाबलं की निरोपाची चौकट आधीच अर्धी भरून उघडते:

```html
<a href="https://wa.me/61491570006?text=Date%3A%0ASuburb%3A%0AHow%20many%20people%3A">
  Check my date
</a>
```

नंबर इथे नमुन्याचा आहे, पण त्याची रचना नीट पाहावी. आपण ० ने सुरू होणारा नंबर सांगतो. इथे तो शून्य काढायचा आणि देशाचा ६१ लावायचा, अधिकचं चिन्ह किंवा मोकळी जागा नको. शून्य राहिला तर बटण दिसायला ठीक दिसतं, दाबल्यावर मात्र हा नंबर व्हॉट्सअॅपवर नाही असं उत्तर येतं. `%0A` म्हणजे नवी ओळ. त्यामुळे तारीख, उपनगर आणि माणसं या तीन ओळी खालीखाली येतात आणि बाईला फक्त पुढे भरायचं असतं. हाच मजकूर मराठीत देता येतो, पण दुव्यात देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. दुवा चालतो, फक्त इतका लांबतो की चूक झाली तर सापडत नाही. बटणाखाली लहान अक्षरांत फोन नंबर दिला, ज्यांच्याकडे व्हॉट्सअॅप नाही त्यांच्यासाठी.

संकेतस्थळाच्या पत्त्याचं नाव घेण्यात फार वेळ गेला नाही. `.com.au` साठी एबीएन लागतो. तो सरकारकडून फुकट मिळतो आणि ताईकडे होताच. २०२२च्या मार्चपासून नुसतं `.au` नावही मिळतं, नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: स्वतःच्या नाव-आडनावानेच धंदा केला तर नावाची वेगळी नोंदणी लागत नाही, त्याला "मेंदी आर्ट" असं काही जोडलं की लागते.

पान तयार झालं तरी लोक ते शोधून येत नाहीत. त्याचा दुवा एकीकडून दुसरीकडे व्हॉट्सअॅपवर जातो, आणि तिथे दिसणारी छोटी चौकट, म्हणजे एक फोटो आणि एक ओळ, हेच पानाचं दार. ती `og:title` आणि `og:image` या दोन ओळींतून येते, आणि फोटोचा पत्ता `https` पासून पूर्ण लिहावा लागतो. नुसतं फाइलचं नाव लिहिलं तर चौकटीत फोटो दिसत नाही. छापील कार्डावर क्यूआर घातला. त्यात पानाचा पत्ता थेट आहे. फुकटात क्यूआर देणाऱ्या काही सेवा मधे स्वतःचा दुवा घालतात आणि वर्गणी थांबली की तो बंद करतात, मग छापलेली सगळी कार्डं वाया. आकाराचा साधा हिशोब असा: जितक्या अंतरावरून टिपायचा त्याच्या एक दशांश. हातातल्या कार्डावर दोन-तीन सेंटिमीटर पुरतो, स्टॉलवरच्या फलकासमोर दीड मीटरवर माणूस उभा असेल तर पंधरा सेंटिमीटर लागतो.

पान चालतंय की नाही, हे किती जणांनी पाहिलं यावरून कळत नाही. आलेल्या निरोपांवरून कळतं. आता ताईला येणाऱ्या पहिल्याच निरोपात तारीख, उपनगर आणि माणसं असतात आणि ती एका ओळीत हो-नाही सांगते. "Price?" अजूनही येतो, पण तो इन्स्टाग्रामवरून. करवा चौथच्या आठवड्यात पानाने काम वाढत नाही, कारण ताईचे दिवस आधीच भरलेले असतात. अशा वेळी पानाच्या माथ्यावर "या तारखा भरल्या" अशी ओळ घालावी लागते, आणि नंतर ती काढावीही लागते. जुनी ओळ राहिली तर वाचणारीला वाटतं ही बाई आता काम करत नाही.

तुमचं असं पान असेल तर दर महिन्याला ते दुसऱ्याच्या फोनवर उघडा आणि बटण दाबून निरोप पाठवा. स्वतःच्या फोनवरून दाबलं तर आपल्याशीच गप्पा उघडतात आणि बिघाड लक्षात येत नाही.